पेजव्ह्यूवर चालणारा ॲनालिटिक्सचा प्लॅन: मर्यादा संपल्यावर आकड्यांचं काय होतं

प्लॅनच्या पानावर एकच आकडा मोठ्या अक्षरात असतो: महिन्याला १०,००० पेजव्ह्यू, १,००,००० पेजव्ह्यू, १०,००,००० पेजव्ह्यू. नवीन माणूस आपल्या साइटचा अंदाज बांधतो, त्याच्या जरा वरचा टप्पा निवडतो आणि पैसे भरून मोकळा होतो. पण खरा मामला बारीक अक्षरांत असतो. त्या आकड्यात काय काय धरतात? तो संपला की मोजणी चालू राहते की थांबते? आणि मोजलेलं किती दिवस ठेवतात? यातला मधला प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि नेमका तोच नडतो, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्याला दिली आहे.

बसण्याआधी एवढं हाताशी ठेवा:

- गेल्या दोन-तीन महिन्यांचे पेजव्ह्यू, किंवा ते नसतील तर सर्व्हरचे ॲक्सेस लॉग
- तुमची बिलिंग सायकल महिन्याच्या कोणत्या तारखेला सुरू होते ते (पावतीवर असतं)
- टूलचं प्रायसिंगचं पान, वापराच्या अटी आणि मदतीच्या पानांतला मर्यादेबद्दलचा भाग
- ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स आणि एक साधी स्प्रेडशीट

## १. आधी खरा आकडा काढा

साइटवर आधीपासून एखादं ॲनालिटिक्स असेल तर त्याचाच आकडा घ्या. नसेल आणि सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर लॉगमधून अंदाज निघतो. एनजिनएक्सच्या नेहमीच्या लॉग फॉरमॅटसाठी ही एक ओळ पुरते:

```
zcat -f /var/log/nginx/access.log* \
 | grep -viE 'bot|crawl|spider' \
 | awk '$6=="\"GET" && $9==200 && $7 !~ /\.(css|js|png|jpg|svg|webp|ico|woff2)(\?|$)/' \
 | wc -l
```

यातून यशस्वी झालेल्या पानांच्या विनंत्या मोजल्या जातात. चित्रं, स्टाइलशीट आणि स्वतःचं नाव सांगणारे बॉट गळतात. आलेला आकडा महिन्याचा आहे असं मात्र धरून चालू नका. डेबियन, उबुंटूवर एनजिनएक्सचे लॉग सहसा रोज फिरतात आणि जुन्या १४ फायलीच राहतात, त्यामुळे हातात येतो तो साधारण दोन आठवड्यांचा हिशोब. लॉगमधली पहिली तारीख बघा आणि त्या प्रमाणात ३० दिवसांचा आकडा काढा.

हा आकडा दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. ब्राउझर असल्याचं सोंग घेणारे बॉट तो फुगवतात. उलट साइटसमोर सीडीएन असेल तर कॅशमधून दिलेली पानं तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत आणि तो घटतो. म्हणून लॉगचा उपयोग फक्त टप्पा ठरवण्यापुरता. पक्का आकडा हवा असेल तर ट्रायलमध्ये दोन आठवडे टूलच लावून बघा. कारण शेवटी बिल त्याच्याच मोजणीवर येणार आहे.

## २. मर्यादेत काय काय धरतात ते वाचा

पेजव्ह्यू म्हणजे पान उघडलं, एवढंच आपल्या डोक्यात असतं. टूलच्या हिशोबात बहुतेक वेळा ट्रॅकिंग स्क्रिप्टने पाठवलेला प्रत्येक निरोप मोजला जातो. उदाहरणार्थ, प्लॉझिबल या टूलमध्ये पेजव्ह्यू आणि कस्टम इव्हेंट मिळून एकच मासिक आकडा धरतात. मॅटोमो क्लाउडचा हिशोब हिट्सवर चालतो, त्यात डाउनलोड, बाहेरच्या लिंकवरचे क्लिक आणि इव्हेंटही येतात. बटणावरचा क्लिक, फाइल डाउनलोड, पान किती खाली वाचलं गेलं याची नोंद, असं जे जे तुम्ही हौसेने चालू करता ते सगळं त्याच डब्यातून जातं.

सिंगल पेज ॲप असेल तर आणखी सांभाळा. तिथे पान नव्याने लोड होत नाही, पण पत्ता बदलला की स्क्रिप्ट तो नवा पेजव्ह्यू धरते. शोधाच्या पानावर वाचकाने चार फिल्टर बदलले आणि प्रत्येक वेळी पत्त्यात `?` च्या पुढचा भाग बदलला, तर एका माणसाचे एका पानावरचे पाच पेजव्ह्यू होऊ शकतात.

आणि मर्यादा सहसा अकाउंटची असते, साइटची नव्हे. एका अकाउंटखाली तीन साइट असतील तर तिघींची बेरीज होते.

## ३. मर्यादा संपल्यावर काय होतं ते लेखी घ्या

माझ्या पाहण्यात चार पद्धती आल्या आहेत.

पहिलीत मोजणी चालूच राहते. एखाद्या महिन्यात उसळी आली तर टूल काही म्हणत नाही, पण सलग जास्त वापर दिसला की वरचा प्लॅन घ्या म्हणून ईमेल येतं. ते ऐकलं नाही तर काही दिवसांनी डॅशबोर्डला कुलूप लागतं. कुलूप असताना मागे मोजणी चालू असेल तर नुकसान काही नाही, पैसे भरले की सगळं दिसतं. ती चालू असते का, हे मात्र नेमकं विचारून घ्या.

दुसरीत जास्तीच्या वापराचे वेगळे पैसे लागतात. डेटा पूर्ण राहतो, बिल वाढतं. बॉटची धाड पडली तर त्याचेही पैसे तुम्हीच भरायचे का, हे इथे महत्त्वाचं.

तिसरीत टूल नमुना घेतं, म्हणजे सगळे निरोप साठवण्याऐवजी काही टक्केच साठवून त्यावरून एकूण अंदाज दाखवतं.

चौथी सगळ्यात वाईट. मर्यादा भरली की पुढचे निरोप सरळ टाकून दिले जातात आणि नवी सायकल सुरू होईपर्यंत काहीच नोंदलं जात नाही. हा डेटा लपलेला नसतो, तो कधी साठवलाच गेलेला नसतो. नंतर कितीही पैसे भरले तरी तो परत मिळत नाही. फुकट आणि अगदी स्वस्त प्लॅनमध्ये ही पद्धत हमखास तपासा.

अटींमध्ये बरेचदा मोघम लिहिलेलं असतं, की मर्यादा ओलांडल्यास सेवा मर्यादित केली जाऊ शकते. एवढ्यावर भागवू नका. सपोर्टला सरळ दोन वाक्यांत विचारा: ‘मर्यादा संपल्यानंतर आलेले पेजव्ह्यू साठवले जातात का? मी नंतर प्लॅन वाढवला तर मधल्या दिवसांचे आकडे दिसतील का?’ आलेलं उत्तर जपून ठेवा.

## ४. एक उदाहरण आकड्यांनिशी

चौथ्या पद्धतीचा फटका डॅशबोर्डवर कसा दिसतो ते एकदा समजून घ्या, कारण तो फटका आहे असं वाटतच नाही.

समजा तुमच्या साइटवर महिन्याला १,०२,००० खरे पेजव्ह्यू होतात. त्याशिवाय बाहेरच्या लिंकवरचे क्लिक आणि डाउनलोड मिळून १८,००० इव्हेंट आहेत आणि शोधाच्या पानावरचे आणखी १०,००० इव्हेंट. एकूण १,३०,००० निरोप. प्लॅन १,००,०००चा. तुम्ही फक्त पेजव्ह्यू बघून ‘किंचित वर आहे, चालून जाईल’ म्हणून हाच टप्पा घेतला.

दिवसाला सरासरी ४,३३३ निरोप होतात. २३ दिवसांत ९९,६६६ च्या आसपास जातात आणि २४व्या दिवशी सकाळीच डबा भरतो. तिथून सायकल संपेपर्यंत जवळजवळ सात दिवस काहीच नोंद नाही.

आता डॅशबोर्ड उघडा. साठवलेल्या १,००,००० निरोपांत पेजव्ह्यूचा वाटा सुमारे ७८,५०० आहे, बाकीचे इव्हेंट. म्हणजे तुमच्यासमोर ७८,५०० पेजव्ह्यू दिसतात आणि प्लॅन १,००,०००चा आहे, तेव्हा मर्यादेची शंकाही येत नाही. उलट अजून २१,५०० शिल्लक आहेत असं वाटतं.

तारखांचा गोंधळ त्यावर आणखी चढतो. प्लॅन १७ तारखेला घेतला असेल तर सायकल १७ ते १६ अशी चालते. ३० दिवसांच्या महिन्यात २४वा दिवस येतो पुढच्या महिन्याच्या १० तारखेला. त्यामुळे खड्डा महिनाअखेरीस न पडता १० ते १६ या तारखांना, ऐन मध्यावर पडतो. महिन्याचा आलेख बघणाऱ्याला वाटतं, आपले वाचक महिन्याच्या मध्यात येत नाहीत. दर महिन्याला तेच दिसलं की तो ते खरंही धरतो. १२ तारखेला पाठवलेलं न्यूजलेटर ‘अजिबात चाललं नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि न्यूजलेटर बंद होतं.

याहून गमतीची गोष्ट वाढीची. समजा वाचक २० टक्क्यांनी वाढले आणि दिवसाला ५,२०० निरोप होऊ लागले. आता डबा २०व्या दिवशी भरतो आणि खड्डा दहा-अकरा दिवसांचा होतो. पण साठवलेली बेरीज तीच राहते, १,००,०००. साइट वाढते आहे आणि डॅशबोर्ड सांगतो की ती जागच्या जागी आहे.

## ५. तुमच्याकडे हे होतंय का ते तपासा

आलेख दिवसांवरून तासांवर आणा आणि जिथे खड्डा दिसतो तो पहिला दिवस उघडा. वाचक कमी झाले तर आकडे हळूहळू उतरतात, रात्रीचे कमी आणि दिवसाचे जास्त हा चढउतार तरीही टिकतो. मोजणी बंद पडली तर एका ठरावीक तासाला आकडा थेट शून्यावर जातो आणि सायकलच्या पहिल्या दिवशी, टूलच्या घड्याळाने मध्यरात्र झाली की, पूर्ण उंचीवर परत येतो.

त्या खड्ड्यातल्या एखाद्या दिवसाचा सर्व्हर लॉग काढून पहिल्या भागातलीच ओळ त्या तारखेपुरती चालवा. लॉगमध्ये नेहमीएवढ्या विनंत्या आणि डॅशबोर्डवर शून्य असेल तर विषय संपला.

खड्डा आत्ता चालू असेल तर डेव्हलपर टूल्समध्ये `Network` टॅब उघडून साइट रिलोड करा आणि ॲनालिटिक्सच्या नावाने यादी गाळा. निरोपाच्या उत्तरात `402` किंवा `429` दिसलं तर टूल तुम्हाला नकार देतंय. `200` किंवा `202` दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. `202` चा अर्थ निरोप स्वीकारला एवढाच आहे, तो साठवला असा नाही. काही टूल टाकून द्यायच्या निरोपालाही तेच उत्तर देतात. म्हणून त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत रिअलटाइम आकडा बघा. तुम्ही स्वतः साइटवर असताना तिथे शून्य असेल तर निरोप टाकून दिला जातोय असं समजा. हे करताना ॲडब्लॉकर बंद ठेवा, नाहीतर निरोप तुमच्या ब्राउझरमधूनच निघणार नाही आणि खापर टूलवर फुटेल.

आणखी एक साधं कारण इथे तपासून टाका. मर्यादेच्या सूचना सहसा अकाउंट ज्याच्या ईमेलवर आहे त्यालाच जातात. साइट बनवून देणाऱ्याने स्वतःच्या पत्त्यावर अकाउंट उघडलं असेल, तर सगळ्या सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून असतात.

## ६. प्लॅन वाढवण्याआधी वाया जाणारं थांबवा

आधी बघा, की ट्रॅकिंग स्क्रिप्ट दोनदा तर लागलेली नाही. एकदा थीममध्ये आणि एकदा टॅग मॅनेजरमधून, हा प्रकार इतका सर्रास आहे की मी नवीन साइट हातात घेतली की पहिली हीच तपासणी करतो. `Network` टॅबमध्ये एकाच पानावर दोन सारखे निरोप गेले तर ओळखा. मग चाचणीची साइट आणि स्वतःच्या मशीनवरची साइट तोच ट्रॅकिंग आयडी वापरत नाही ना ते बघा. कोणी कधीच न बघणारे इव्हेंट काढून टाका, पान किती खाली वाचलं गेलं हा त्यांतला पहिला. वरच्या उदाहरणात शोधाच्या पानावरचे १०,००० आणि डाउनलोड-क्लिकचे १८,००० काढले तर उरतात १,०२,०००, म्हणजे खड्डा सात दिवसांवरून अर्ध्या-पाऊण दिवसावर येतो.

एवढं करूनही मर्यादेत बसत नसेल आणि पैसे वाढवायचे नसतील, तर नमुना तुम्हीच घ्या. शेवटचे सात दिवस पूर्ण गमावण्यापेक्षा सगळ्या महिन्यातून सारख्या प्रमाणात गमावणं केव्हाही बरं, कारण त्यातून आलेखाचा आकार खरा राहतो. पाचातली एक भेट मोजायची असेल तर:

```
let k = sessionStorage.getItem('namuna');
if (k === null) {
  k = Math.random() < 0.2 ? '1' : '0';
  sessionStorage.setItem('namuna', k);
}
if (k === '1') {
  const s = document.createElement('script');
  s.src = 'SCRIPT_URL';
  document.head.appendChild(s);
}
```

`SCRIPT_URL` च्या जागी तुमच्या टूलचा पत्ता येईल. निवड पानागणिक न करता त्या टॅबमधल्या भेटीपुरती एकदाच केली आहे, नाहीतर भेटीत किती पानं पाहिली आणि कुठून बाहेर पडले हे आकडे निकामी होतात. डॅशबोर्डवरचे आकडे पाचने गुणायचे. मोठ्या बेरजांना हे चालतं, पण ज्या पानाला महिन्याला २० वाचक आहेत तिथे नमुन्यात एक येईल किंवा आठ येतील, त्यावरून काही ठरवू नका. नमुना कोणत्या तारखेला सुरू केला ते स्प्रेडशीटमध्ये लिहून ठेवा. आणि हा कोड ब्राउझरमध्ये एक नोंद ठेवतो, त्यामुळे तुमच्या साइटवर संमतीची पट्टी असेल तर तिच्या मजकुरात ते बसतं का तेही बघा.

## ७. डेटा किती दिवस राहतो ते स्वतंत्रपणे बघा

साठवणीची मुदत सरकती असते. १२ महिने म्हणजे आजपासून मागे १२ महिने. रोज एक नवा दिवस जमा होतो आणि एक जुना गळतो.

वर्षभर पुरेल असं वाटतं, पण मार्चची तुलना गेल्या मार्चशी करायला हे अपुरं पडतं. ३१ मार्चला बसलात तर गेल्या वर्षीच्या मार्चमधला शेवटचा दिवसच उरलेला असतो. निवांत १० एप्रिलला बसलात तर तोही नाही. गेल्या वर्षीच्या १ मार्चपर्यंत मागे जायला त्या दिवशी १३ महिने आणि ९ दिवस लागतात. म्हणून वर्षागणिक तुलना करायची असेल तर १४ महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा प्लॅन घेऊ नका.

गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये नेमकी हीच निवड समोर येते. फुकट प्रॉपर्टीला इव्हेंटच्या कच्च्या डेटाची मुदत २ किंवा १४ महिने ठेवता येते आणि सुरुवातीला ती २ वर असते. प्रॉपर्टी उघडली की त्याच दिवशी `Admin` मधल्या `Data retention` मध्ये जाऊन ती १४ करा. जे मुदत संपून पुसलं गेलं ते नंतर मुदत वाढवून परत येत नाही. या मुदतीचा परिणाम `Explorations` वर, म्हणजे आपण स्वतः जुळवतो त्या रिपोर्टवर होतो. तयार रिपोर्टमधल्या बेरजा तशाच राहतात, त्यामुळे बरेच दिवस कोणाच्या लक्षातच येत नाही.

कच्चा डेटा आणि बेरजा यांची मुदत वेगळी असणं हे इतर टूलमध्येही आढळतं. स्वतःच्या सर्व्हरवरच्या मॅटोमोमध्ये जुने कच्चे लॉग आणि जुने रिपोर्ट पुसायची सेटिंग दोन वेगळी आहेत. कच्चा डेटा गेला तरी महिन्याचे एकूण वाचक दिसत राहतात, पण अमुक पानावर मोबाइलवरून आलेले किती, असा नवा प्रश्न मागच्या काळाला विचारता येत नाही.

## ८. प्लॅन उतरवण्याआधी काय उतरवून घ्यायचं

वरच्या प्लॅनवर पाच वर्षांची साठवण होती आणि तुम्ही एका वर्षाच्या प्लॅनवर आलात, तर मधली चार वर्षं लपतात की पुसली जातात? लपत असतील तर पुन्हा वर गेल्यावर दिसतील. पुसली जात असतील तर बटण दाबण्याआधी एक्सपोर्ट करावंच लागेल. हा प्रश्नही सपोर्टला लेखी विचारा, आणि अकाउंट बंद केल्यावर किती दिवस डेटा मिळतो तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

एक्सपोर्ट करताना एक फसगत होते. लोक दिवसवार सीएसव्ही उतरवतात आणि म्हणतात, महिन्याचं काय, बेरीज करून काढू. पेजव्ह्यूची बेरीज बरोबर येते. वेगळ्या वाचकांची येत नाही, कारण सोमवारी आणि गुरुवारी आलेला एकच माणूस दोन्ही दिवसांत मोजलेला असतो. म्हणून वेगळ्या वाचकांचा आकडा दिवसवार, महिनावार आणि वर्षवार असा तीनदा उतरवा. मूळ डेटा गेल्यावर तो पुन्हा काढता येत नाही. याला अपवाद, वाचकाची ओळख रोज बदलणारी टूल. तिथे दुसऱ्या दिवशी आलेला माणूस नवाच धरतात, त्यामुळे दिवसांची बेरीज आणि महिन्याचा आकडा जुळतो. प्लॉझिबल त्यांतलंच.

पानवार आणि स्रोतवार याद्याही महिन्याच्या हिशोबाने उतरवा, आणि ‘पहिली १०० पानं’ एवढंच तर खाली येत नाही ना ते फाइल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत बघा.